मखराच्या एलईडी माळेला रेझिस्टर किती वॅटचा लावायचा

दोन वर्षांपूर्वी गणपतीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती चालू होती आणि आई मधेच म्हणाली, "कसला वास येतोय रे?" सगळ्यांना वाटलं कापूर असेल, नाहीतर उदबत्ती राखेत न पडता कुठेतरी पुठ्ठ्यावर पडली असेल. मखर पुठ्ठ्याचं होतं, त्यामुळे मी आरती सोडून मागे जाऊन बघितलं तर आत ग्लू गनने चिकटवलेला रेझिस्टर गोंद वितळल्यामुळे सुटून वायरीवर लोंबत होता, आणि त्याच्यावरचे रंगाचे पट्टे ओळखू येत नव्हते, सगळा एकच तपकिरी रंग झालेला. अ‍ॅडॉप्टर काढला, आरती अंधारात पूर्ण केली.

रेझिस्टरची व्हॅल्यू बरोबर होती, चुकलं होतं ते वॅटेज. नवीन लोक इथेच अडकतात, कारण किती ओहमचा लावायचा हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि किती वॅटचा याचं उत्तर "पाव वॅट चालतो" एवढंच असतं. बऱ्याचदा चालतोही. कधी चालत नाही ते स्वतःला काढता यावं म्हणून हे लिहितोय, आणि उदाहरण माझंच घेतो.

माझ्याकडे पांढरे ५ एमएमचे ३० एलईडी होते आणि १२ व्होल्ट १ अँपचा साधा अ‍ॅडॉप्टर. तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये जोडून दहा लाइनी केल्या, त्या दहाही लाइनी पॅरलल केल्या आणि आळस म्हणून सगळ्यांच्या अलीकडे एकच रेझिस्टर टाकला. हिशोब असा केला होता की पांढरा एलईडी ३.२ व्होल्ट घेतो, तिनाचे ९.६ झाले, १२ मधून उरले २.४ व्होल्ट, प्रत्येक लाइन २० मिलीअँप म्हणजे दहा लाइनींचे २०० मिलीअँप, तर २.४ भागिले ०.२ बरोबर १२ ओहम. दुकानात गेलो, "बारा ओहमचा रेझिस्टन्स द्या" म्हटलं, काकांनी विचारलं किती वॅट, मी म्हटलं साधा. त्यांनी पाव वॅटचा दिला, चूक त्यांची नाहीच.

आता या रेझिस्टरमध्ये किती पॉवर उष्णता होऊन जाते ते बघा. सूत्र एकच आहे, तीन रूपात लिहिता येतं, तुमच्याकडे जे आकडे असतील ते वापरायचं:

```
P = V × I
P = I × I × R
P = V × V / R
```

यातला V म्हणजे फक्त रेझिस्टरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज, अ‍ॅडॉप्टरचा नाही. हे ठळक डोक्यात ठेवा कारण इथे हमखास घोळ होतो, लोक १२ × १२ / R करतात, आकडा भलताच मोठा येतो आणि मग उगाच एक-दोन वॅटचे जाडजूड रेझिस्टर आणून माळेला लटकवतात. दुसरा घोळ मिलीअँपचा, २.४ गुणिले २०० केलं की ४८० येतं ते मिलीवॅट असतं, वॅट नाही. अँपमध्येच लिहायची सवय लावली की हा प्रश्न येत नाही.

माझ्या केसमध्ये २.४ × ०.२ = ०.४८ वॅट. म्हणजे पाव वॅटच्या रेझिस्टरवर मी कागदावरच जवळजवळ दुप्पट लोड टाकला होता. पण जळायची खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी तसाच एक नवीन रेझिस्टर दोन मिनिटांपुरता लावून मल्टीमीटरने मोजलं तर अ‍ॅडॉप्टर १२ नाही, १२.३ व्होल्ट देत होता, आणि माझे एलईडी ३.२ नाही, ३.१ वर पेटत होते. किरकोळ फरक वाटतो ना? आता वजाबाकी करा, १२.३ वजा ९.३ म्हणजे ३ व्होल्ट. रेझिस्टरवर २.४ च्या ऐवजी ३ व्होल्ट पडत होते, करंट ०.२५ अँप, आणि पॉवर ०.७५ वॅट! रेटिंगच्या तिप्पट.

हे नीट समजून घ्या. रेझिस्टरच्या वाट्याला जे येतं ते दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून उरलेलं असतं, म्हणून त्या मोठ्या आकड्यांत थोडंसं इकडेतिकडे झालं की उरलेल्यात मोठा फरक पडतो. पगार ३०,००० आणि खर्च २८,००० असेल तर खर्चात हजाराचा फरक म्हणजे शिल्लक अर्धी किंवा दीडपट, तसंच. त्यात पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, व्होल्टेज सव्वापट झाला की पॉवर दीडपटीच्याही वर जाते. म्हणून कागदावरच्या पॉवरला बरोबर तेवढ्याच वॅटचा रेझिस्टर घेणं म्हणजे स्वतःहून वास बोलावणं.

पायरी पहिली: आधी एलईडी मोजा

पाकिटावर लिहिलेला आकडा सोडा, बहुतेक वेळा पाकिटावर काही लिहिलेलंच नसतं. एक एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून १२ व्होल्टला लावा आणि मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एलईडीच्या दोन पायांवर मोजा. मीटरची लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्येच असू द्या, १० अँपच्या सॉकेटमध्ये राहिली असेल तर मीटर शॉर्टसारखा वागतो आणि एलईडी मिणमिणतसुद्धा नाही. माझ्या एलईडीला ३.१ आलं. पांढरा, निळा, गुलाबी आणि गडद हिरवा हे साधारण ३ ते ३.४ च्या आसपास येतात, लाल आणि पिवळा २ च्या आसपास. दोन-तीन एलईडी मोजून त्यातला कमीत कमी आकडा लिहून ठेवा, मोठा नाही, कारण एलईडी जेवढे कमी व्होल्ट घेणार तेवढे जास्त रेझिस्टरवर येणार. माझ्याकडे कमीत कमी ३.० होता.

याच वेळी एक छोटा प्रयोग होऊन जातो. त्या ४७० ओहमवर १२.३ वजा ३.१ म्हणजे ९.२ व्होल्ट पडतात, करंट होतो साधारण २० मिलीअँप, पॉवर ०.१८ वॅट. रेटिंग पाव वॅट म्हणजे ०.२५, तरीपण पाच मिनिटांनी त्याला बोट लावलंत तर पटकन मागे घ्याल, सावकाश लावा. पुढे आपण माळेत जो रेझिस्टर लावणार आहोत त्यातूनही करंट जवळपास एवढाच जाईल पण तो जेमतेम कोमट लागेल. करंट सारखा असून एक चटका देतो आणि एक देत नाही, कारण त्यांच्यावर पडणारा व्होल्टेज वेगळा आहे. हे एकदा हाताने अनुभवलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

पायरी दुसरी: प्रत्येक लाइनीला स्वतःचा रेझिस्टर

माझी मूळ चूक एकच रेझिस्टर लावण्याची. एक वॅटचा किंवा दोन वॅटचा लावला असता तर जळला नसता हे खरं, पण दहा लाइनींमध्ये करंट सारखा वाटला जात नाही, ज्या लाइनीचे एलईडी जरा कमी व्होल्टवर पेटतात ती लाइन जास्त ओढते. आणि त्यातली एक लाइन बंद पडली की तिचा करंट बाकीच्या नऊ लाइनींच्या अंगावर येतो, मग त्यांच्यातली कमजोर जाते, मग आठांवर येतो. माळ एक-एक करून मरते आणि आपण एलईडीच्या क्वालिटीला शिव्या घालतो.

दहा लाइनींना दहा रेझिस्टर लावले की एकूण उष्णता साधारण तेवढीच राहते, पण ती एका तांदळाएवढ्या जागी साठण्याऐवजी दहा ठिकाणी वाटली जाते. दहा पाव वॅटचे रेझिस्टर मिळून अडीच वॅटची क्षमता होते, आणि खर्चही किरकोळच.

पायरी तिसरी: व्हॅल्यू काढा

१२.३ वजा ९.३, उरले ३ व्होल्ट. करंट २० मिलीअँप धरू नका, १५ ते १७ धरा, डोळ्याला उजेडात फरक कळत नाही आणि एलईडी थंड राहतो. मी १६ धरले. ३ भागिले ०.०१६ म्हणजे १८७ ओहम, पण १८७ चा साध्या दुकानात मिळत नाही, जवळचा १८० मिळतो. तो घेतला तर करंट १६.७ मिलीअँप, काही हरकत नाही. शंका असेल तर वरचा घ्यावा, खालचा नको, पण इथे आपण २० च्या बरेच खाली आहोत.

उरलेला व्होल्टेज किती असावा याचंही एक तारतम्य आहे. १२ व्होल्टवर चार पांढरे एलईडी लावायचा मोह होतो, रेझिस्टरमध्ये काही वाया जाणार नाही म्हणून, पण चार गुणिले ३.१ म्हणजे १२.४, रेझिस्टरला काही उरतच नाही, माळ मंद पेटते आणि अ‍ॅडॉप्टर जरा बदलला की उजेड एकदम कमीजास्त होतो. उलट दोनच लावले तर ६ व्होल्ट रेझिस्टरवर, करंट एकदम स्थिर पण अर्धी पॉवर उष्णतेत. पांढऱ्यांसाठी १२ व्होल्टवर तीन, हेच बरं बसतं. रेझिस्टरवर जे वाया जातं ते वाया नाही, करंट ताब्यात ठेवायची ती मजुरी समजा.

पायरी चौथी: सगळं बिघडलं तर किती, ते काढा

नेहमीची पॉवर ३ × ३ / १८० म्हणजे ०.०५ वॅट. पण वॅटेज यावर ठरवायचं नाही. अ‍ॅडॉप्टर ५ टक्के जास्त देतोय असं धरा, म्हणजे १२.६, आणि तिन्ही एलईडी आपण मोजलेल्या कमीत कमी ३.० वाले निघाले असं धरा.

```
V = 12.6 - 9.0 = 3.6
I = 3.6 / 180 = 0.02 A
P = 3.6 × 3.6 / 180 = 0.072 W
```

बिघडून बिघडून करंट २० मिलीअँप आणि पॉवर ०.०७२ वॅट. हा आकडा खरा धरायचा.

तुमचा अ‍ॅडॉप्टर जुना, जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेला असेल तर ५ टक्के पुरणार नाही. ते १२ लिहिलेले अ‍ॅडॉप्टर कमी लोडवर १५-१६ व्होल्ट सुद्धा देतात. हलका, प्लास्टिकचा, आतून स्विचिंग असलेला असेल तर ठीक. कसाही असो, माळ जोडून, पेटलेली असताना मोजा, रिकामा मोजू नका.

पायरी पाचवी: दुप्पट करा आणि वरची साइझ घ्या

०.०७२ चे दुप्पट ०.१४४, त्याच्या वरची पहिली साइझ पाव वॅट. झालं, पाव वॅटचे दहा घ्या. माझ्या जुन्या एकाच रेझिस्टरला हाच नियम लावला असता तर ०.७५ चे दुप्पट दीड, म्हणजे दोन वॅटचा लागला असता, आणि मी लावला होता पाव वॅटचा!

दुप्पटच का, हे विचारायला हवं. रेझिस्टरवरचं वॅटेज हे "एवढी पॉवर दिली तर तो सुखात राहील" असं नसतं. साध्या कार्बन फिल्म रेझिस्टरचं रेटिंग साधारणपणे आजूबाजूची हवा ७० डिग्री असेपर्यंत धरलेलं असतं, आणि हवा त्याहून गरम झाली की ते कमी होत-होत १५५ डिग्रीला शून्यावर येतं. याचा अर्थ उलटा वाचा, पूर्ण रेटिंगवर चालवलं तर रेझिस्टर स्वतः हवेपेक्षा साधारण ८५ डिग्रीने गरम होतो. खोलीत ३० डिग्री असेल तर रेझिस्टर ११५ वर. तो त्याच्या दृष्टीने नियमात आहे, जळणार नाही. पण ज्याला तो चिकटलाय त्या पुठ्ठ्याचं, गोंदाचं, वायरीच्या प्लास्टिकचं काय? ग्लू गनचा गोंद त्याच्या बराच आधी मऊ पडतो. निम्म्यावर चालवला तर ही वाढ साधारण चाळीस-बेचाळीस डिग्रीवर येते, आणि आपल्या ०.०५ वॅटला तर १७ च्या आसपास. बंद मखरात हवा ४० डिग्रीला गेली तरी रेझिस्टर ६० च्या खाली.

याच हिशोबाने माझा जुना रेझिस्टर अडीचशे डिग्रीने वर गेला असता. इतक्या वर हे गणित सरळ रेषेत चालत नाही, पण पट्टे का करपले ते कळतं. तो थंड झाल्यावर मोजला तर बाराचा सोळा ओहम झाला होता. म्हणजे जळून तुटण्याआधी व्हॅल्यू सरकते, माळ थोडी मंद होते, आणि आपल्याला वाटतं अ‍ॅडॉप्टर गेला.

अजून एक शंका हमखास येते, मोठ्या वॅटचा लावला तर तो जास्त करंट खाईल का, किंवा माळ मंद होईल का? नाही. ओहम तेच असतील तर करंट तोच, उष्णताही तेवढीच. फरक फक्त अंगाच्या आकाराचा, मोठ्या अंगातून तीच उष्णता पटकन हवेत जाते. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, चहा काही कमी होत नाही. त्यामुळे मोठा लावून नुकसान होत नाही, जागा लागते एवढंच.

दुकानात काय बघायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या बाजूला गेलात तर रेझिस्टर पट्टीवर चिकटवलेले मिळतात, "एकशे ऐंशी ओहम, पाव वॅट, दहा नग" असं सांगायचं, वॅट न सांगता मागू नका. रेझिस्टरवर ओहमचे रंग असतात पण वॅट छापलेलं नसतं, ते लांबीवरून ओळखायचं. पाव वॅटचा सव्वासहा-साडेसहा मिलिमीटर, अर्ध्या वॅटचा साधारण नऊ, एक वॅटचा अकरा-बारा, दोन वॅटचा पंधराच्या आसपास. याहून लहान, साडेतीन मिलिमीटरचा नाजूक दिसला तर तो वॅटच्या आठव्या भागाचा असू शकतो, मिक्स पाकिटांमध्ये हे येतात आणि फोटोत कळत नाही, घरी पट्टी लावून बघा. मेटल फिल्मचे काही अर्ध्या वॅटचे रेझिस्टर पाव वॅटएवढेच छोटे बनवतात, ते खोटे नसतात पण अंग लहान असल्याने जास्त तापतात, मखरात मी ते पाव वॅटचेच धरतो. पाच वॅटच्या वर पांढरे चौकोनी सिमेंटवाले येतात, त्यांच्यावर मात्र वॅट आणि ओहम दोन्ही छापलेलं असतं.

लावताना

सोल्डर केल्यावर सगळे जण रेझिस्टरवर हीटश्रिंक चढवतात, नाहीतर काळी टेप गुंडाळतात. आपल्या ०.०५ वॅटला चालेल. पण लोड रेटिंगच्या निम्म्याजवळ असेल तर फक्त जोड झाका, अंग उघडं ठेवा, कारण स्लीव्हच्या आत तो स्वतःच्याच उष्णतेत उकडतो. दहाही रेझिस्टर एकत्र बांधून एका गठ्ठ्यात ठेवू नका, मग वाटून दिलेली उष्णता परत एका जागी आली, जिथे लाइन सुरू होते तिथे ज्याचा त्याचा लावा. गोंद वायरीवर लावा, रेझिस्टरच्या अंगावर नको. कापूस, क्रेप कागद, साटीनचं कापड यांना रेझिस्टर टेकणार नाही असं बघा.

तपासणी

माळ पेटवून वीस मिनिटं तशीच ठेवा, मखर बंद असतं तसं बंद करून. मग एका लाइनीच्या रेझिस्टरवर व्होल्टेज मोजा. करंट मोजायला माळ तोडायची गरज नाही, मोजलेला व्होल्टेज भागिले १८० केलं की करंट आला. माझ्याकडे आता ३.० ते ३.१ येतात, म्हणजे १७ मिलीअँपच्या आसपास. एखाद्या लाइनीवर ६ व्होल्ट दिसले तर त्या लाइनीतला एक एलईडी शॉर्ट झालाय, बाकीचे दोन डोळ्यांवर येण्याइतके चमकत असतील, तो रेझिस्टर ०.२ वॅट खातोय, तो बदलायच्या यादीत टाका. शून्य दिसले आणि लाइन पेटतही नसेल तर लाइन कुठेतरी तुटलीय किंवा एखादा एलईडी उलटा बसलाय.

मग अ‍ॅडॉप्टर काढून लगेच बोटाने चाचपा. कोमट लागला तर मस्त. बोट टिकत नसेल तर तो साठीच्या वर गेलाय, हिशोब परत तपासा, बहुतेक वेळा ओहमचा एक पट्टा चुकीचा वाचलेला असतो. १८० म्हणजे तपकिरी, राखाडी, तपकिरी. तिसरा पट्टा तपकिरीच्या ऐवजी काळा असेल तर तो १८ ओहम आहे, करंट कितीतरी जास्त जाईल आणि रेझिस्टर आणि एलईडी दोन्ही धोक्यात.

दरवर्षी कोणीतरी विचारतंच की अ‍ॅडॉप्टर कशाला, मोठा रेझिस्टर टाकून डायरेक्ट २३० ला लावू का. नका लावू. तीन एलईडींना २० मिलीअँप द्यायला रेझिस्टरवर जवळपास २२० व्होल्ट टाकावे लागतील, म्हणजे ४.४ वॅट उष्णता, आणि एलईडींच्या वाट्याला ०.२ वॅटसुद्धा नाही. शिवाय २३० चं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं, पाव वॅटच्या साध्या कार्बन फिल्मची व्होल्टेज सहन करायची मर्यादाच साधारण २५० असते, तिथे वॅटचा प्रश्न नंतर येतो. आणि मखरात हात घालून हार घालणारी माणसं घरचीच असतात.

आता विसर्जनाचं. तीच माळ टेंपोच्या बॅटरीला लावायची असते आणि सगळे म्हणतात बॅटरीपण बाराचीच आहे. इंजिन बंद असताना ती साडेबारा असते, चालू झालं की १४.४ पर्यंत जाते. १४.४ वजा ९.३ म्हणजे ५.१ व्होल्ट त्या १८० ओहमवर, करंट २८ मिलीअँप, पॉवर ०.१४५ वॅट. रेझिस्टर जळणार नाही पण निम्म्याच्या वर गेला, आणि ५ एमएम एलईडीची मर्यादा बहुतेक ३० मिलीअँपच असते. टेंपोसाठी ३३० ओहम लावा, करंट साडेपंधरा, पॉवर ०.०७९, दुप्पट केली तरी पाव वॅटमध्ये बसते. इंजिन बंद असताना जरा मंद दिसेल, चालतं. बॅटरीजवळ १ अँपचा फ्यूज मात्र टाका, स्विचिंगवाला अ‍ॅडॉप्टर शॉर्ट झाला तर बहुतेक वेळा स्वतः बंद पडतो, बॅटरी वायर लाल होईपर्यंत करंट देत राहते.

मंडळाचा मोठा ट्रक असेल तर आधी मीटर लावा, बरेच ट्रक २४ व्होल्टचे असतात आणि इंजिन चालू असताना २८ देतात. तिथे ती १८० ओहमवाली लाइन लावलीत तर १०० मिलीअँपच्या वर करंट आणि रेझिस्टरवर जवळपास दोन वॅट, मिरवणूक कोपऱ्यावर पोचायच्या आत संपलं. २४ साठी सहा एलईडी एका लाइनीत घ्या, २८ वजा १८.६ म्हणजे ९.४ व्होल्ट, ६८० ओहम लावला की करंट १४ मिलीअँपच्या जवळ. पॉवर ०.१३ वॅट, दुप्पट ०.२६, पाव वॅटच्या एक पाऊल पुढे, म्हणून इथे अर्ध्या वॅटचा घ्यायचा, नऊ मिलिमीटरवाला.